उभा की आडवा: गीझर घेण्याआधी भिंत मोजा

दुकानात दोन्ही गीझर शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एक उभा, एक आडवा. लिटर तेवढेच, वॉट तेवढेच, किमतीतही फार फरक नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं, "आडवा द्या, दाराच्या वर दिसायलाही बरा." बाथरूममध्ये आल्यावर कळतं की आपल्या दाराच्या वर तो बसतच नाही, किंवा बसतो पण पाइप उलट्या बाजूला येतात. फोंडा, म्हापसा भागात फिटिंगची कामं करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गीझर आणण्याआधी मलाच बोलवा, टेप घेऊन येतो, असं ओळखीच्या घरांत सांगून ठेवलंय.

आधी एक गोष्ट पक्की करू. उभा गीझर आडवा टांगला की आडवा होत नाही. गरम पाणी हलकं म्हणून वर जातं, त्यामुळे टाकीच्या आतली गरम पाण्याची नळी अगदी वरच्या टोकापर्यंत नेलेली असते आणि थंड पाणी तळाशी सोडलेलं असतं. हाच गीझर कुशीवर झोपवला तर त्या नळीचं तोंड टाकीच्या मध्यावर येतं. पाणी तिथवर चढलं की बाहेर पडू लागतं, वरच्या भागात हवा अडकून राहते आणि एलिमेंट पाण्याबाहेर उघडा पडू शकतो. असा एलिमेंट फार दिवस टिकत नाही. आडव्या गीझरमध्ये नळीची वळणं आडव्या टाकीला धरूनच दिलेली असतात.

जागा असेल तर मी उभाच सुचवतो. उंच टाकीत गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर नीट राहतात. नळ सोडल्यावर खालून येणारं थंड पाणी वरच्या गरम पाण्यात लगेच मिसळत नाही. आडव्या टाकीत पाण्याची उंची कमी आणि पसारा जास्त, म्हणून मिसळण लवकर होते. दोन्ही २५ लिटरचे असले तरी आडव्यातलं शेवटचं थोडं पाणी कोमट येतं. म्हणून आडवा घ्यायचाच असेल तर मी लिटरमध्ये काटकसर करू देत नाही.

पण जागा मोजताना लोक फक्त टाकीची मापं घेतात, आणि तिथेच चुकतात. एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि गंज टाकीऐवजी स्वतःवर घेणारा मॅग्नेशियमचा दांडा हे सगळं कधीतरी बाहेर काढावं लागतं. उभ्यात ते खालून निघतं. खाली बहुधा मोकळी जागा असतेच, त्यामुळे अडचण येत नाही. आडव्यात ते ज्या टोकाला पाइप असतात तिथून, बाजूला ओढून काढावं लागतं. त्या टोकाला फूटभर मोकळी भिंत नसेल तर दुरुस्तीच्या वेळी पाणी भरलेला गीझर रिकामा करून अख्खा उतरवावा लागतो. कोपऱ्यात घट्ट बसवलेल्या गीझरची दुरुस्ती म्हणूनच महाग पडते.

माझ्या मावसबहिणीचं म्हापशातलं बाथरूम घेऊ. वरच्या मजल्याचे सांडपाण्याचे पाइप लपवायला तिथे साडेसात फुटांवर, म्हणजे ९० इंचांवर, फॉल्स सीलिंग केलेलं. समोरच्या भिंतीत मधोमध व्हेंटिलेटर, त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक फूट. उरली लांब भिंत, आणि त्या भिंतीवर गरम-थंडचे पॉइंट डाव्या कोपऱ्यापासून १६ इंचांवर. त्यांनी बघून ठेवलेला २५ लिटरचा उभा साधारण २२ इंच उंच होता. हुकांवर चढवायला वर दोनेक इंच सोडले तर त्याचा तळ ६६ इंचांवर, म्हणजे साडेपाच फुटांवर आला. भाऊजी पावणेसहा फुटी. रोज सकाळी डोकं आपटणार.

१५ लिटरचा उभा १७ इंचांचा, तो बसला असता. पण चौघंजणं सकाळी एकामागून एक आंघोळीला जाणारी. दुसऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी आलं असतं. म्हणून २५ लिटरचा आडवा ठरला: १५ इंच उंच, २२ इंच लांब. तळ ७३ इंचांवर, सहा फुटांच्याही वर.

आता डावा की उजवा? आडवा गीझर पाइप डावीकडे असलेला आणि उजवीकडे असलेला अशा दोन प्रकारांत मिळतो, आणि ही बाजू गीझरकडे तोंड करून उभं राहून बघायची असते. पॉइंट कोपऱ्यापासून १६ इंचांवर. उजवा घेतला तर पाइपचं टोक पॉइंटवर आणि टाकी त्याच्या डावीकडे, पण डावीकडे १६ इंचच जागा आणि टाकी २२ इंचांची. तो उजवीकडे सरकवला असता तर जोडपाइप टाकीच्या खालून मागे आणावे लागले असते. डावा घेतला तेव्हा टाकीची डावी कड कोपऱ्यापासून १४ इंचांवर आली, पाइप पॉइंटच्या जवळ उतरले, आणि एलिमेंट ओढायला १४ इंच मोकळे राहिले.

दुकानातून चुकून उजवा आला तर "उलटा फिरवून लावू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. फिरवला की पाइप डावीकडे येतात खरे, पण आतली गरम पाण्याची नळी खाली जाते आणि एलिमेंट वर. मग नळातून पाणी फुसफुसत येतं, थोडा वेळ कढत आणि लगेच थंड, गीझर चालू असताना आतून गुरगुर ऐकू येते आणि सेफ्टी कटआउट वारंवार पडतो. ही लक्षणं दिसली की स्विच बंद करून गीझर कुठल्या बाजूचा आहे ते आधी तपासा.

उंचीबद्दलचा एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे: गीझर वर चढवला की शॉवरला जोर येतो. जोर येतो तो छपरावरच्या टाकीच्या उंचीमुळे. गीझर वाटेतलं भांडं आहे. टाकीचा तळ गीझरच्या माथ्याच्या वर हवा, म्हणजे तो पूर्ण भरेल, बस्स. जुन्या कौलारू घरांत पाण्याची टाकी न्हाणीच्या बुटक्या स्लॅबवरच ठेवलेली असते. तिथे माळ्यावर आडवा बसवण्याआधी ही दोन मापं जरूर घ्या.

भिंत चिऱ्याची असेल तर वजनाचाही विचार करा. २५ लिटर पाणी म्हणजे २५ किलो, त्यात रिकाम्या गीझरचे दहा-बारा किलो. फास्टनर दोन चिऱ्यांच्या सांध्यात किंवा नुसत्या प्लास्टरमध्ये धरला तर हळूहळू सैल होतो. भोक चिऱ्याच्या अंगात पाडायचं, आणि चिरा ठिसूळ लागला तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागून पट्टी द्यायची. उभ्याचे दोन हुक जवळजवळ असतात, आडव्याचे लांब, त्यामुळे आडव्याला चांगले चिरे निवडून भोकं पाडायला थोडी मोकळीक मिळते.

बहिणीकडे सगळं जोडल्यावर स्विचला हात लावण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला. आधी हवा सुटली, मग तुटक तुटक पाणी, आणि काही मिनिटांनी सलग धार. ती धार न तुटता चालत राहिली, तेव्हाच गीझर चालू केला.