फुप्फुसाच्या एका तुकड्यावरची शस्त्रक्रिया: न दिसणाऱ्या सीमेची पार्श्वभूमी

फुप्फुस हातात घेतलं की पहिल्यांदा दिसतात त्या भेगा. उजव्या फुप्फुसाला दोन, एक तिरकी आणि एक आडवी. त्यामुळे उजवीकडे तीन खंड होतात. डावीकडे फक्त तिरकी भेग, म्हणून खंड दोन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे शल्यविशारद याच भेगांच्या भरवशावर काम करत. काढायचा तर अख्खा खंड, नाही तर सगळं फुप्फुस.

पण भेग ही बाहेरची गोष्ट आहे. अनेकांमध्ये ती अर्धवटच असते, आणि मग दोन खंड आतून एकमेकांना चिकटलेले सापडतात. खरी वाटणी ठरते ती आतल्या नळ्यांवरून. लंडनच्या विल्यम इवार्ट यांनी 1889 मध्ये श्वासनलिकांच्या फांद्या आणि त्यांच्याबरोबरच्या रक्तवाहिन्या बारकाईने मांडल्या होत्या, पण शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग कुणाला सुचला नाही. तो सुचवला पुवाने. फुप्फुसात गळू झालं की छातीच्या भिंतीतून नेमकं कुठे शिरायचं, हा तेव्हाचा यक्षप्रश्न. न्यूयॉर्कच्या क्रेमर आणि ग्लास यांनी श्वासनलिकेत दुर्बीण घालून पू कोणत्या फांदीतून येतो ते पाहिलं. फांदी कळली की तिचा मुलूख कळतो, आणि तो छातीच्या भिंतीला कुठे टेकतो तेही. या मुलखाला त्यांनी 1932 मध्ये ‘ब्राँकोपल्मनरी सेगमेंट’ म्हटलं. उजवीकडे असे दहा. डावीकडे काही जोडून आल्यामुळे मोजणीप्रमाणे आठ ते दहा.

सेगमेंट म्हणजे काय, हे शेतावरून चटकन कळतं. प्रत्येक वावराला स्वतःचा पाट असतो, तो मधोमध येतो. सेगमेंटमध्ये श्वासनलिका आणि फुप्फुस-धमनी अशा जोडीने मधून शिरतात. पाणी निघून जाण्याचा चर मात्र बांधाकडेने जातो आणि दोन्ही वावरांचा सामाईक असतो. शिरांचं तेच आहे. मोठ्या शिरा दोन सेगमेंटच्या मधल्या पातळ जोडऊतीतून धावतात. म्हणून एका सेगमेंटची नळी आणि धमनी बांधली तरी शेजाऱ्याचा हवा-रक्तपुरवठा चालूच राहतो. बांधावरची शीर मात्र तोडायची नाही, तिच्या कडेकडेने जायचं. ती शेजाऱ्याचीही आहे, आणि सीमा कुठे आहे ते दाखवणारी खूणही तीच.

याचा पहिला ठोस वापर बोस्टनमध्ये झाला. श्वासनलिका कायमच्या फुगून त्यांत पू साचतो तो ब्राँकिएक्टॅसिस, प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातला भयंकर आजार. डावा खालचा खंड सडलेला, म्हणून तो काढायचा. तरी काही रुग्णांचा खोकला आणि पू थांबेना. एडवर्ड चर्चिल आणि रोनाल्ड बेल्सी यांना कारण दिसलं. डाव्या वरच्या खंडाचं जिभेसारखं पुढे आलेलं टोक, लिंग्युला, हेही बऱ्याचदा आजारी असे. उजवीकडे जो मधला खंड वेगळा असतो, त्याची डावीकडची जोड म्हणजे लिंग्युला. फक्त इथे मध्ये आडवी भेग नाही. भेग नाही म्हणून तिला वेगळं कुणी समजलंच नव्हतं. लिंग्युला ठेवली तर आजार राहतो, आणि वरचा खंडही काढला तर माणसाचं डावं फुप्फुसच जातं. दोघांनी फक्त लिंग्युला काढायला सुरुवात केली आणि 1939 मध्ये ते प्रसिद्ध केलं. खंडाची जागा उद्या सेगमेंट घेईल, असं त्यांनी त्यात सुचवलं होतं.

खरी अडचण बांध शोधण्याची. नळीला चिमटा लावून भूलतज्ज्ञाने फुप्फुस फुगवलं, की बंद सेगमेंट चपटा राहायला हवा. पण शेजारच्या वायुकोशांतून बारीक छिद्रांवाटे हवा झिरपते आणि सीमा पुसट होते. आता धमनी बंद करून शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचं चमकणारं रंगद्रव्य देतात. विशेष कॅमेऱ्यात बाकीचं फुप्फुस उजळतं आणि सेगमेंट काळा राहतो. सीमा चुकली की कापलेल्या पृष्ठभागातून हवा गळत राहते, आणि ती बाहेर काढण्यासाठी छातीत घातलेली नळी दिवसेंदिवस काढता येत नाही.

क्षयरोग आणि ब्राँकिएक्टॅसिसवर औषधं आल्यावर या शस्त्रक्रियेची गरज ओसरली. कर्करोगासाठी तर ती अपुरी ठरवली गेली. 1995 च्या अमेरिकी चाचणीत खंडापेक्षा कमी भाग काढलेल्यांत रोग त्याच जागी परतण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट निघालं. माझ्या मते त्या निकालाचा अर्थ फार सरसकट लावला गेला, कारण त्यात सेगमेंटची सीमा न पाळता पाचरीसारखा तुकडा कापलेलेही होते. 2022 मध्ये जपानी चाचणीने 2 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी चित्र बदललं. पाच वर्षांनी सेगमेंट काढलेले 94.3 टक्के जिवंत होते, खंड काढलेले 91.1 टक्के. पण त्याच जागी रोग परतणं सेगमेंट-गटात 10.5 टक्के, दुसऱ्यात 5.4. म्हणून गाठ सेगमेंटच्या मध्यावर असेल तर एक पुरतो. गाठ बांधाला टेकलेली असेल तर शेजारचा सेगमेंटही काढावा लागतो, किंवा मग अख्खा खंड.