चमत्कारी औषधांची विडंबन जाहिरात

चमत्कारी गुणाची हमी देणाऱ्या औषधविक्रीची भाषा, सूर आणि क्रम हुबेहूब उचलून त्यातील फसवणूक प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उघडी पाडणाऱ्या छोट्या नाट्यलेखनाला विडंबन जाहिरात म्हणतात. तिची संहिता साधारण तीन मिनिटांची असते. मराठवाड्यात ती शाळेच्या स्नेहसंमेलनात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, आठवडी बाजारातील पथनाट्यात किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत सादर करता येते. ती खऱ्या जाहिरातीसारखीच सुरू होते, म्हणून केवळ विनोदी प्रहसनाहून वेगळी ठरते. प्रेक्षकाने आधी थोडे भुलावे आणि मग आपण कोणत्या शब्दाला भुललो हे त्याला त्याच जागी कळावे, अशी तिची रचना असते.

या रचनेमागील मानसशास्त्रीय आधार विल्यम मॅग्वायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेल्या ‘लसीकरण सिद्धांता’त सापडतो. दुबळा केलेला जंतू टोचल्याने शरीर खऱ्या जंतूशी लढायला शिकते. त्याचप्रमाणे फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा तिच्या खंडनासह आधीच मिळाली, तर माणूस पुढच्या खऱ्या फसवणुकीला सहज बळी पडत नाही, असे हा सिद्धांत सांगतो. यातील ‘खंडनासह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खंडन विसरले गेले आणि दावा तेवढा लक्षात राहिला, तर लस देण्याऐवजी रोगच दिल्यासारखे होते. एकच विधान पुनःपुन्हा ऐकल्याने ते खरे वाटू लागते, हे १९७७ सालापासून प्रयोगांनी दाखवलेले आहे. त्यामुळे दाव्याचे सुंदर गाणे करून ते चारदा वाजवणारी संहिता, शेवटी कितीही हसवले तरी, उलटी पडण्याचा धोका असतो.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला सोंग आणि अर्थ यांचा खेळ नवा नाही. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांमधून सोंग घेऊन ढोंगावर बोट ठेवण्याची रीत येथे शतकानुशतके चालत आलेली आहे. मात्र भारुडात अर्थ बराच वेळ गुंडाळून ठेवता येतो आणि शेवटी उलगडता येतो. विडंबन जाहिरातीला तेवढी सवड नसते, कारण तिचा प्रेक्षक अर्ध्यातून उठून जाणारा असतो.

संहितेचा विषय निवडताना ज्या दुखण्याची लाट ऋतूबरोबर येते आणि ऋतूबरोबर ओसरते ते दुखणे सर्वांत उपयोगी पडते. गुडघेदुखी हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय. सोयाबीनची काढणी साधारण दसऱ्याच्या आसपास जोरात असते. विळा घेऊन दिवसदिवस वाकून आणि उकिडवे बसून काम केल्यावर पन्नाशीपुढच्या बाईचे गुडघे धरतात. औषध विकत घेतले जाते ते दुखणे शिगेला पोचल्यावरच, कारण दुखत नसताना कोणी औषध शोधत नाही. पुढे काढणी संपते, विसावा मिळतो आणि दुखणे आपसूक उतरते. चूर्ण घेतले असो वा नसो, शिखरानंतर उतारच येणार असतो. श्रेय मात्र चूर्णाच्या डब्याला जाते. दसरा आश्विन शुद्ध दशमीला आणि लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे दोहोंत सुमारे वीस दिवसांचे अंतर पडते. ‘एकवीस दिवसांचा कोर्स’ नेमका त्याच अवधीत बसतो. संहितालेखकाला याहून सोयीचा योगायोग मिळणे कठीण आहे.

पुढील नमुना काढणी संपणे आणि दुखणे उतरणे यांच्यातील या दुव्यावर उभा आहे. वेशीजवळचा बाजार. एक विक्रेता इस्त्रीचा पांढरा कोट घालून छोटा भोंगा हातात धरतो. समोर एक मावशी पिशवी घेऊन उभी आहे.

विक्रेता : मायबाप हो, गुडघा-तुफान चूर्ण! एकवीस दिवसांत गुडघा हरणावानी पळंल! शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना गुण!
मावशी : कोणते शंभर, बाबा?
विक्रेता : ज्यांनी गुण आल्यावर आम्हाला फोन केला, ते!
मावशी : अन् ज्यांना गुण आला न्हाई?
विक्रेता : ते कशाला फोन करतील, मावशी?
(ताशाचा एक ठोका. सर्व पात्रे जागीच थिजतात. सूत्रधार पुढे येतो.)
सूत्रधार : शंभर कोणते, कोणी मोजले, हे विचारलं की अठ्ठ्याण्णव गळून पडतात.
(पुन्हा ठोका. खेळ पुढे सुरू.)
विक्रेता : ह्या आक्कांना विचारा. दसऱ्याला उठवत नव्हतं, दिवाळीला फुगडी खेळल्या!
मावशी : आक्के, तुझं सोयाबीन कधी निघालं गं?
आक्का : (थांबून) ...दिवाळीच्या दोन दिवस आधी.

शेवटच्या ओळीपूर्वीचा विराम हा या संहितेचा कणा आहे. तेथे आक्काने दोन श्वासांइतका वेळ गप्प राहावे. त्या शांततेत उत्तर प्रेक्षक स्वतःच पूर्ण करतात आणि स्वतः काढलेला निष्कर्ष दुसऱ्याने सांगितलेल्यापेक्षा टिकतो. तालमीत हा विराम हमखास खाल्ला जातो. हशा मिळवण्याच्या घाईत मुले ओळीवर ओळ टाकतात आणि प्रेक्षक आक्काच्या फजितीला हसतात, दुव्याकडे त्यांचे लक्षच जात नाही. दिग्दर्शकाने पाहायचे ते एवढेच, की हसू कशावर येते. हसू रुग्णावर येत असेल तर प्रयोग फसला. सूत्रधाराने या ठिकाणी पुन्हा बोलू नये. पहिल्या खंडनाला शब्द लागतात, दुसऱ्याला लागत नाहीत.

विक्रेत्याचे पात्र कोणाचे असावे, यालाही महत्त्व आहे. जडीबुटी विकणाऱ्या वैदू समाजाचा किंवा एखाद्या विशिष्ट जातीचा पेहराव त्याला चढवला की प्रेक्षकांचा रोष दाव्यावरून माणसांवर सरकतो. संपूर्ण आयुर्वेदाची टवाळी केली तरी नेमका हाच प्रकार घडतो. पांढरा कोट आणि भोंगा पुरेसे आहेत, कारण बनावट वैद्यकीय अधिकार हीच आधुनिक जाहिरातीची खरी वेशभूषा आहे. चूर्णाचे नाव मात्र इतके हास्यास्पद हवे की त्या नावाची वस्तू कोणी शोधायलाही जाऊ नये. खऱ्या कंपनीच्या वेष्टनाशी वा नावाशी साम्य ठेवणे हे कायदेशीर झंझटीचे काम आहेच, शिवाय ते निरुपयोगीही आहे. एका नावाबद्दल सावध झालेला प्रेक्षक त्याच दाव्याच्या दुसऱ्या डब्यापुढे पुन्हा गाफील राहतो.

संहितेच्या उत्तरार्धात कायद्याचा एक उल्लेख परिणामकारक ठरतो. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा हा औषधे व जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, संधिवात, लठ्ठपणा, वंध्यत्व अशा ५४ रोगांची व अवस्थांची यादी आहे आणि ते बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. मंत्र, ताईत, कवच यांच्या जाहिरातीही त्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रेक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे : अशा रोगाच्या हमखास इलाजाची जाहिरात दिसली की औषधाचा गुण तपासण्याआधीच संशयाला जागा आहे. ‘सरकारमान्य’ या शब्दाचीही येथेच फोड करून सांगावी. डब्यावरचा परवाना क्रमांक उत्पादन करण्याच्या परवानगीचा असतो, भोंग्यावरून सांगितलेल्या एकवीस दिवसांच्या गुणाचा नव्हे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही या क्षेत्राला लागून आहे. मात्र गुडघ्याच्या चूर्णाच्या संहितेत तो घुसडल्यास विषय भरकटतो. त्याला वेगळी संहिता लागते.

आतापर्यंत वर्णिलेल्या विनोदाला एक गंभीर मर्यादा आहे. ‘चूर्णाने काहीच होत नाही’ असे गृहीत धरून लिहिलेली संहिता अपुरी पडते, कारण काही चूर्णांनी खरोखरच दोन दिवसांत आराम पडतो. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांमध्ये डेक्सामेथॅसोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार भारतात अनेकदा उघडकीस आले आहेत. स्टेरॉइड सूज झपाट्याने उतरवते, भूक वाढवते आणि अंगात तरतरी आणते. त्यामुळे घेणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. काही आठवड्यांनी मात्र चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसू लागतो, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि पुडी सोडली की दुखणे दुपटीने उसळते. ज्या प्रेक्षकाच्या घरात असा गुण आलेला आहे, त्याच्यापुढे ‘सगळे थोतांड’ म्हणणारा कलावंत क्षणात खोटा पडतो.

म्हणून अनुभवी लेखक शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूर बदलतात. मावशी विचारते, “पण माझ्या जावेला दोनच दिवसांत गुण आला की रे बाबा?” आणि या वेळी विक्रेत्याऐवजी सूत्रधार, भोंगा बाजूला ठेवून, साध्या आवाजात उत्तर देतो : इतक्या लवकर गुण आला हीच काळजीची गोष्ट आहे, ती पुडी फेकू नका, घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढचे वाक्य गाळल्यास विडंबनातून अपघात घडू शकतो : बरेच दिवस घेत असाल तर पुडी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम मंद करतात. पुरवठा अचानक तुटला तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. औषध कसे कमी करायचे हे डॉक्टरच ठरवतात. या भागात विनोद घालण्याचा मोह टाळणे हीच संहितालेखकाची परीक्षा असते, आणि हौशी संहिता बहुधा येथेच नापास होतात, कारण हशावर पडदा पाडण्याची सवय सुटत नाही.

चित्रफीत करताना आणखी एक अडचण येते. व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांची फीत कापून पहिल्या वीस सेकंदांची केली की उरते ती चक्क जाहिरात, आणि तीही चांगल्या अभिनयाची. शेवटी ‘हे विडंबन आहे’ अशी पाटी दाखवून भागत नाही, कारण पाटी कापलेल्या भागातच राहते. उपाय संहितेतच करावा लागतो. प्रत्येक दाव्याचे खंडन त्याच्या पुढच्याच एक-दोन वाक्यांत यावे, पडद्यावर कोपऱ्यात मराठीतून विडंबन असल्याची खूण सतत असावी आणि कोठेही दूरध्वनी क्रमांक किंवा किंमत नसावी. वरील नमुन्यात ‘कोणते शंभर, बाबा?’ हा प्रश्न विक्रेत्याच्या पहिल्याच आरोळीनंतर येतो तो याचसाठी. क्रमांक द्यायचाच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ द्यावा, आणि तोही विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, सूत्रधाराच्या.

प्रयोग साधला की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. त्याची एक साधी चाचणी आहे. आठवड्यानंतर त्याच प्रेक्षकांना एखाद्या वेगळ्या दुखण्याची, उदाहरणार्थ केसगळतीच्या तेलाची जाहिरात वाचून दाखवावी आणि त्यात काय विचाराल असे विचारावे. ‘ते गुडघ्याचं चूर्ण खोटं होतं’ असे उत्तर आले तर फक्त गोष्ट लक्षात राहिली. ‘कोणते शंभर?’ असा प्रश्न आला तर संहिता लागू पडली.