मूत्रपिंडातली गाठ डाय पिते का?

सोलापूरचा उन्हाळा आणि मुतखडा यांची जुनी सोयरीक आहे. एप्रिल-मे महिन्यांत कमरेच्या मागे कळ आली की सोनोग्राफी होते आणि खड्यासोबत रिपोर्टात एखादी भलतीच ओळही येते: ‘उजव्या मूत्रपिंडात २.४ सेंटीमीटरची गाठ, कॉम्प्लेक्स सिस्ट असू शकते, सीटी करावा.’ खड्याचं दुखणं दोन दिवसांत थांबतं, पण ती ओळ घरभर झोप उडवते. आज मूत्रपिंडाच्या कर्करोगातले बरेचसे असेच सापडतात, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत, कोणताही त्रास नसताना. मात्र अशा सापडलेल्या गाठींमध्ये बहुतेक नुसत्या पाण्याच्या पिशव्या असतात. दोन्हींतला फरक ठरतो एका प्रश्नावर: शिरेतून दिलेली डाय, म्हणजे सीटीत उजळ दिसणारं औषध, ती गाठ पिते की नाही?

समजायला एक कल्पित उदाहरण घेऊ. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे ५७ वर्षांचे गृहस्थ. बिडीची जुनी सवय, रक्तदाबाची एक गोळी चालू. खड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत दोन गोष्टी दिसल्या. डाव्या मूत्रपिंडात साडेसहा सेंटीमीटरची सिस्ट आणि उजव्यात २.४ सेंटीमीटरची गाठ, जिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे. घरच्यांचा जीव डाव्या गाठीत अडकला, कारण ती लिंबापेक्षा मोठी. ‘आधी ती काढून टाका’ म्हणून मुलगा अडून बसला. त्याची काळजी खरी होती, पण रोख चुकीच्या गाठीवर होता.

सोनोग्राफीच्या पडद्यावर साधी सिस्ट ओळखायच्या तीन खुणा आहेत. आतला भाग पूर्ण काळा हवा, कारण स्वच्छ पाण्यातून ध्वनी परत येत नाही. भिंत इतकी पातळ आणि गुळगुळीत हवी की ती जेमतेम दिसावी. आणि सिस्टच्या मागचा भाग शेजारपेक्षा उजळ दिसायला हवा, कारण पाण्यातून जाताना ध्वनी फारसा शोषला जात नाही. तिन्ही खुणा पूर्ण असतील तर तपास तिथेच संपतो. सिस्ट दोन सेंटीमीटरची असो की आठ, कर्करोगाच्या दृष्टीने फरक पडत नाही. पन्नाशीनंतर अशा सिस्ट इतक्या सर्रास दिसतात की त्यांना केसांच्या पांढरेपणाच्या रांगेत बसवायला हरकत नाही. सिस्टने दुखत असेल किंवा लघवीची वाट दाबली जात असेल तरच उपचाराचा विचार होतो. नुसतं सुईने पाणी काढलं तर बहुतेक वेळा ते पुन्हा भरतं. डाव्या गाठीत या तिन्ही खुणा होत्या. उजवीत नव्हत्या: आत करडेपणा होता आणि मागे उजेड नव्हता.

खड्यासाठी त्यांचा साधा सीटीही झाला, म्हणजे डायविना. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो, त्याला हाऊन्सफिल्ड युनिट म्हणतात. पाणी शून्य, चरबी उणे, मांस साधारण तिशी-चाळिशीत. डावी गाठ आली ६ वर, म्हणजे पाणीच. उजवी आली ३४ वर. हा ३४ फसवा आकडा आहे. उणे ९ ते २० मधली एकसारखी गाठ साध्या पाण्याची मानतात. ७० किंवा त्यावरची एकसारखी गाठ बहुधा जुनं रक्त किंवा प्रथिनं साठलेली सिस्ट असते, तीही निरुपद्रवी. पण २० ते ७० यांच्या मध्ये डायविना काहीच सांगता येत नाही. घट्ट द्रव असलेली सिस्टही ३४ दाखवते आणि कर्करोगही ३४ दाखवतो.

इथेच पुष्कळदा घोटाळा होतो. रुग्ण डाय देऊन सीटी करून येतो, पण डायच्या आधीची फेरी घेतलेलीच नसते. रिपोर्टात नंतरचा एकच आकडा असतो, समजा ५५. तो ५५ गाठीचा मुळातला आहे की डायमुळे वाढलेला, हे कुणीच सांगू शकत नाही. मग दुसऱ्यांदा सीटी, दुसऱ्यांदा डाय, दुसऱ्यांदा खर्च. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाचा सीटी’ न लिहिता ‘रीनल मास प्रोटोकॉल’ लिहायला हवं. त्यात आधी साधी फेरी होते, मग डाय, मग साधारण ९० ते १२० सेकंदांनी पुन्हा फेरी, जेव्हा मूत्रपिंड सगळीकडे सारखं उजळलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ३०-४० सेकंदांचीही एक फेरी घेतात, ती रक्तवाहिन्या बघायला उपयोगी पडते. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, बघतात. तो ३० च्या खाली असेल तर डाय द्यायची की नाही, याचा वेगळा विचार लागतो, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ती गोळी थांबवावी लागते. पूर्वी डायने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल तर ते आधीच सांगायचं.

आता गणित अगदी सोपं आहे. डायनंतरच्या आकड्यातून आधीचा आकडा वजा करायचा. फरक २० किंवा जास्त असेल तर गाठीत रक्तपुरवठा आहे, म्हणजे जिवंत पेशींचा मांसल भाग आहे. फरक १० च्या आत असेल तर ती डाय पीत नाही. आपल्या उदाहरणात डावी गाठ ६ वरून ८ वर गेली. उजवी ३४ वरून ११२ वर. फरक ७८. साडेसहा सेंटीमीटरची गाठ निर्धोक ठरली आणि २.४ सेंटीमीटरची पकडली गेली.

उजवी ३४ वरून ३९ वर गेली असती तर ती घट्ट द्रवाची सिस्ट म्हणून सोडून देता आली असती. ४८ वर गेली असती तर मात्र अडचण. १० ते २० मधला फरक खराही असू शकतो आणि खोटाही. आजूबाजूचं मूत्रपिंड डायने लखलखलं की त्याच्या मधोमध असलेल्या छोट्या सिस्टचा आकडाही यंत्राच्या हिशेबात थोडा वर सरकतो. उलट पॅपिलरी प्रकारचा कर्करोग डाय अगदी थोडी पितो. अशा वेळी एमआरआय करून डायआधीचं चित्र डायनंतरच्या चित्रातून वजा करतात, उरलेला उजेड सगळं सांगून जातो. एक सेंटीमीटरच्या आसपासच्या गाठीत तर मोजण्याचं वर्तुळ कुठे ठेवलं यावरही आकडा हलतो. म्हणून नुसता कागद नव्हे, सीडी सोबत न्यावी. सर्जनला रिपोर्टातलं वाक्य नको असतं, प्रतिमा हवी असते. पाच वर्षांपूर्वी खड्यासाठी केलेला जुना सीटी सापडला तर तो सोन्याच्या मोलाचा, कारण गाठ तेव्हा होती का आणि केवढी होती हे त्यातून कळतं.

पाण्याच्या गाठीत पडदे किंवा जाड भिंती असतील तर बोस्निआक वर्गवारी लावतात. न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बोस्निआक यांनी ती १९८६ मध्ये मांडली, २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. पहिला आणि दुसरा वर्ग सोडून देण्याजोगे. ‘दोन-एफ’मध्ये चार किंवा जास्त पातळ पडदे असतात, किंवा भिंत तीन मिलिमीटरची झालेली असते. अशा गाठी सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी, एकूण पाच वर्षं बघतात. तिसऱ्या वर्गात डाय पिणारी भिंत किंवा पडदा चार मिलिमीटर किंवा जास्त जाड असतो, नाहीतर खडबडीत. यातल्या साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात. चौथ्या वर्गात भिंतीवर डाय पिणारी गुठळीच असते आणि बहुतेक कर्करोगाच्याच असतात. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातल्या माणसात सिस्टच्या आत लहान लहान सिस्ट दिसल्या तर हायडॅटिडची, म्हणजे परजीवी जंताच्या गाठीची, शंका घ्यावी. त्यात सुई खुपसली तर आतला द्रव सांडून जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते.

पण आपल्या गृहस्थांची उजवी गाठ पाण्याची नाही, घन आहे. डाय पिते म्हणून ती कर्करोगच, असं अजूनही म्हणता येत नाही. पहिल्यांदा तिच्यात चरबी शोधतात. साध्या फेरीत ठळक उणे आकड्याचा ठिपका सापडला तर ती बहुधा अँजिओमायोलिपोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठ. इथे चरबी नव्हती. चार सेंटीमीटरपेक्षा लहान घन गाठींमध्ये साधारण पाचातली एक शेवटी निरुपद्रवी निघते, आणि सीटीवर ती नेहमीच वेगळी ओळखता येते असं नाही. ऑन्कोसायटोमा हा त्यातला नेहमीचा फसवा प्रकार.

मग सुई टोचून तुकडा का घेत नाहीत? घेतात, पण सरसकट नाही. निष्कर्षाने उपचार बदलणार असेल तेव्हाच. दुसऱ्या अवयवाच्या कर्करोगाची किंवा लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची, शंका असेल, ताप असून गळू वाटत असेल, गाठ जाळून टाकायची असेल किंवा वयामुळे ऑपरेशन टाळायचं असेल. ‘सुई लावली की पसरतो’ ही भीती लोकांत खोल रुजलेली आहे. मूत्रपिंडाच्या घन गाठीत सुईच्या वाटेने पसरणं फारच क्वचित घडतं. खरी मर्यादा दुसरीच आहे: काही वेळा तुकड्यात निदानापुरत्या पेशीच येत नाहीत. तो अहवाल म्हणजे ‘कर्करोग नाही’ असा निकाल नव्हे, ती तपासणी पुन्हा करायची असते. पडद्यांच्या सिस्टमध्ये मात्र सुई सहसा टाळतात, कारण नेमका भिंतीतला मांसल भाग हाती लागेल याची खात्री नसते.

पुढचा तपास मोजकाच लागतो. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, कॅल्शिअम, यकृताच्या तपासण्या, लघवी आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी, कारण हा कर्करोग पसरला तर फुप्फुसात दिसण्याचं प्रमाण जास्त. हाडांचा स्कॅन किंवा मेंदूचा एमआरआय त्रास असेल तरच. पेट स्कॅनचा आग्रह अनेक नातेवाईक धरतात. त्यात वापरली जाणारी किरणोत्सारी साखर लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड आपसूक चमकतं आणि छोटी गाठ त्यात हरवते. रक्तातून हा कर्करोग सांगणारी कुठलीही मार्कर तपासणी आज रोजच्या वापरात नाही.

२.४ सेंटीमीटर म्हणजे टी१ए, कर्करोगाचा अगदी सुरुवातीचा टप्पा. सत्तावन्नाव्या वर्षी, प्रकृती बरी असताना, आजची रीत म्हणजे पूर्ण मूत्रपिंड न काढता गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी कड काढणं, पार्शियल नेफ्रेक्टॉमी. रक्तवाहिनीला चिमटा लावून गाठ काढतात आणि उरलेला भाग शिवतात. चिमटा साधारण २५ मिनिटांच्या आत सुटावा असा प्रयत्न असतो, कारण त्यापुढे राखून ठेवलेल्या मूत्रपिंडालाच इजा होऊ लागते. ‘सगळंच काढा म्हणजे भानगड नको’ हा सल्ला इथे महागात पडतो. लहान गाठीत त्याने कर्करोगावरचं नियंत्रण वाढत नाही, पण पुढे क्रिएटिनिन वाढण्याची शक्यता वाढते. रक्तदाब असलेल्याला तर जास्तच. तेच गृहस्थ ८१ वर्षांचे आणि हृदय कमजोर असलेले असते तर सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढून बघणंही योग्य ठरलं असतं. अशा लहान गाठी सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटरच वाढतात.

काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी अहवालात तीन गोष्टी वाचायच्या: प्रकार, ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात, आणि कडेला गाठ पोचली आहे का. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल. डाय इतकी भरभरून पिणारी गाठ बहुधा त्याचीच असते. डाव्या बाजूची सिस्ट जिथल्या तिथे राहते. पुढच्या प्रत्येक सीटीत ती पुन्हा दिसेल आणि प्रत्येक वेळी रिपोर्टात तिच्यापुढे लिहिलेलं असेल: बोस्निआक १.