खोडकिडा कुणाचा? उसाचा, ज्वारीचा की डाळिंबाचा

सोलापूर जिल्ह्यात 'खोडकिडा' हा एकच शब्द निदान तीन पिकांत चालतो. माळशिरसच्या ऊसवाल्याला तो उच्चारला की पोंगा मर आठवते. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यालाही सुकलेला पोंगाच दिसतो, पण अळी वेगळी. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याच्या डोळ्यांपुढे मात्र खोडावरची बारीक छिद्रे आणि त्यातून गळणारा भुसा येतो. आता कुणी 'खोडकिड्याचा शंभर टक्के बंदोबस्त' असे शीर्षक देऊन व्हिडिओ चढवला, तर तो या तिघांपुढेही येतो आणि तिघेही तो आपलाच समजून बघतात.

यातून काय बिघडते ते पाहू. उसाच्या खोडकिड्याचा पतंग पानांवर उघड्यावर अंडी घालतो. म्हणून उसात ट्रायकोकार्ड लावतात. कार्डावरच्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशा पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालतात आणि अळी निघण्याआधीच काम संपते. डाळिंबाचे खोड पोखरणारा शॉट होल बोरर हा पतंग नाही, भुंगेरा आहे. त्याची मादी लाकडात बोगदा करून आतच अंडी घालते. सोबत ती बुरशी नेते, ती बोगद्याच्या भिंतींवर वाढते आणि पिल्ले लाकडावर नव्हे तर त्या बुरशीवर जगतात. अशा बागेत ट्रायकोकार्डे टांगली तर ती वाऱ्यावर हलण्यापलीकडे काही करत नाहीत. दरम्यान फांद्या पिवळ्या पडून वाळू लागतात, त्याला 'मर' समजून भलतीच आळवणी होते आणि ऐन बहारात हातचे आठवडे जातात.

ज्वारीत आणखी एक गुंता आहे. उगवणीनंतर पहिल्या महिन्यात पोंगा सुकला तर तो बहुधा खोडमाशीचा प्रताप असतो. खोडकिड्याची अळी त्या मानाने पुढे येते आणि पोंग्यातून उलगडलेल्या पानांवर ओळीने छिद्रे ठेवून जाते. नावे इतकी जवळची की बोलताना एकाच्या जागी दुसरे सहज निघून जाते, आणि शीर्षकात तेच छापले जाते.

म्हणून व्हिडिओच्या शीर्षकात आधी पीक, मग कीड, मग डोळ्यांना दिसणारे लक्षण, हा क्रम ठेवावा. यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, आणि मोबाइलच्या यादीत त्याचाही शेवट बऱ्याचदा कापला जातो. पीक शेवटी लिहिले तर नेमके तेच गायब होते. डाळिंबाच्या व्हिडिओला हे शीर्षक पुरते:

```
डाळिंबावरील शॉट होल बोरर: खोडातील बारीक छिद्रे, ओळख आणि नियंत्रण
```

मात्रा, अनुस्वार आणि मधल्या मोकळ्या जागा वेगवेगळ्या धरल्या तरी ही 64 अक्षरे होतात. 'जालीम उपाय', 'एकच फवारणी' असले शब्द घालायला जागा आहे, पण घालू नयेत. बोगद्यात बसलेल्या भुंगेऱ्यापर्यंत पानांवरची फवारणी पोहोचतच नाही. शीर्षकच खोटे ठरते.

शीर्षकाखालच्या वर्णनात 5000 अक्षरे मावतात, पण न उघडता दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळीच. बहुतेक जण तिथे चॅनेलची ओळख आणि 'लाइक करा, शेअर करा' लिहितात. ती जागा पीक, कीड आणि लेबलची सूचना यांची आहे.

```
पीक: डाळिंब. कीड: शॉट होल बोरर (भुंगेरा).
उसाच्या किंवा ज्वारीच्या खोडकिड्यासाठी हा व्हिडिओ नाही.
औषधाच्या लेबलवर व माहितीपत्रकावर हे पीक आणि ही कीड
दोन्ही असतील तरच वापरा. प्रमाण लेबलप्रमाणेच घ्या.
चित्रीकरण: महिना, वर्ष, गाव, बहार
```

दुसरी ओळ काहींना विचित्र वाटेल. आपला व्हिडिओ कुणी बघू नये असे कोण लिहील? पण चुकीचा प्रेक्षक टाळायला याहून स्वस्त उपाय नाही.

लेबलच्या सूचनेबद्दल थोडे सविस्तर. 'वापरण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्या' हे वाक्य सगळीकडे असते, म्हणून कुणी वाचत नाही. बघायचे काय, हे सूचनेने सांगायला हवे. आपल्याकडे कीटकनाशकांची नोंदणी 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि ती पीक व कीड यांच्या जोडीसाठी असते. यालाच दुकानात लेबल क्लेम म्हणतात. एखादे औषध उसाच्या खोडकिड्यासाठी नोंदलेले असले म्हणून ते डाळिंबाला आपोआप चालत नाही. फळात किती अंश उरतो आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे, हे त्या पिकावर तपासलेले असावे लागते. हा थांबण्याचा काळ डब्यासोबतच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. निर्यातीच्या बागेत तो चुकला तर अंश तपासणीत अख्खा माल अडकू शकतो.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणावरूनही गैरसमज होतो. तो औषध किती कडक आहे ते सांगत नाही, तर माणसाला ते किती विषारी आहे ते सांगतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण बघून 'हे हलके आहे, थोडे जास्त टाकू' म्हणणारे भेटतात. व्हिडिओत डबा दाखवला तर वर्णनात एवढी एक ओळ द्यावी.

सगळ्यात घातक चूक आकड्याची. समजा, माहितीपत्रकात हेक्टरी 250 मिली औषध आणि 500 लिटर पाणी लिहिले आहे. म्हणजे लिटरला अर्धा मिली, आणि 16 लिटरच्या पंपाला 8 मिली. व्हिडिओत बोलणारा नुसते 'अडीचशे मिली' म्हणाला तर आपला शेतकरी ते एकराला धरतो, कारण इथे हिशेब एकराचाच. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, तेव्हा मात्रा अडीचपट झाली. म्हणून शीर्षकात आणि टॅगमध्ये प्रमाण लिहूच नये. वर्णनात लिहायचे तर औषधातील घटकाचे नाव, त्याची टक्केवारी, हेक्टर की एकर आणि पाणी किती, हे सगळे एकत्र लिहावे. एकच घटक वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतो, त्यामुळे टक्केवारी गाळली तरी आकडा निरर्थक होतो.

टॅगना शोधात फारसे वजन नाही, हे यूट्यूबच सांगते. त्यांचा खरा उपयोग चुकीच्या आणि वेगवेगळ्या स्पेलिंगसाठी. कुणी 'डाळींब' लिहितो, कुणी इंग्रजी कीबोर्डवरून मराठी.

```
डाळिंब, डाळींब, dalimb, शॉट होल बोरर,
shot hole borer pomegranate, dalimb khod kida
```

जास्त लोक यावेत म्हणून यात ऊस घुसडला की आपण पुन्हा सुरुवातीच्या गोंधळात येतो.

वर्णनातली तारीख शोभेची नाही. 2023 मध्ये डायकोफॉल, डायनोकॅप आणि मेथोमिल यांच्यावर देशात बंदी आली. त्याआधीचे लाल कोळीवरचे व्हिडिओ मात्र तसेच पडून आहेत. डायकोफॉल हे कोळीनाशकच, त्यामुळे अशा व्हिडिओत त्याचे नाव निघण्याचा संभव मोठा. प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा टाकता येत नसला तरी शीर्षक आणि वर्णन कधीही बदलता येते. 'यात सांगितलेल्या औषधावर आता बंदी आहे' ही ओळ पहिल्या ओळीच्याही वर टाकावी. आणि सगळा व्हिडिओच त्या बाद औषधावर असेल तर तो काढून टाकलेला बरा.

एक अडचण वर्णनाने सुटत नाही. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला की शीर्षक, वर्णन, टॅग सगळे मागे राहते, पुढे जाते ते फक्त चित्र आणि आवाज. त्यामुळे पीक, कीड, महिना-वर्ष आणि लेबलची ओळ पहिल्या दहा सेकंदांत पडद्यावर मोठ्या अक्षरांत असावी आणि तोंडानेही म्हणावी. औषधाचे नाव येते त्या ठिकाणी ती पुन्हा दाखवावी, कारण लोक नेमका तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवतात.