शंकापत्रक (अनुवाद व्यवसाय)

मूळ मजकुरातील संदिग्ध, विसंगत किंवा अपुऱ्या जागा टिपून अनुवादक काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकाला जी टिपणी पाठवतो, ती म्हणजे शंकापत्रक. व्यवसायात 'क्वेरी शीट' किंवा नुसते 'क्वेरी' हेच शब्द रुळले आहेत. भाषांतर सेवांविषयीच्या आयएसओ १७१०० (२०१५) या आंतरराष्ट्रीय मानकात, अनिश्चित वाटेल ती बाब अनुवादकाने प्रकल्प व्यवस्थापकापुढे शंका म्हणून मांडावी, अशी अपेक्षा आहे. कथा-कवितेच्या अनुवादकालाही शंका येतातच. पण पत्रकाची खरी गरज दिसते ती वैद्यकीय, कायदेशीर आणि तांत्रिक मजकुरात. इंग्रजीतून मराठीत येणारे, औषधचाचणीतील सहभागींसाठीचे माहितीपत्रक व संमतीपत्र हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

भारतात अशा चाचण्यांना नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ लागू आहेत. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते आणि त्या कागदांना नैतिकता समितीची मान्यता लागते. प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. मान्यता मिळाल्यानंतर चूक सापडली तर नवी आवृत्ती काढून ती पुन्हा समितीपुढे न्यावी लागते, आणि तोवर काही जणांनी जुन्या कागदावर सह्या केलेल्या असू शकतात. म्हणून शंका आधी विचारायची.

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ. चाचणीत कोणाला घेता येणार नाही, या यादीत इंग्रजीत लिहिले आहे: 'डायबेटिस ऑर हायपरटेन्शन ऑन मेडिकेशन'. शेवटचे दोन शब्द फक्त रक्तदाबाला लागू आहेत की मधुमेहालाही? पहिला अर्थ घेतला तर मधुमेह असलेला प्रत्येक जण बाद होतो. दुसरा घेतला तर केवळ पथ्यावर मधुमेह आटोक्यात ठेवणारा माणूस चाचणीत येऊ शकतो. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, त्यामुळे घाईत 'औषधे चालू असलेला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब' असे लिहिले जाते. संदिग्धता जशीच्या तशी ठेवल्याचे समाधान यात मिळते खरे, पण ती आता उलटी झाली आहे. हे वाक्य 'औषधे चालू असतील तरच मधुमेह, रक्तदाब मात्र कसाही' असेही वाचता येते, आणि हा अर्थ मुळात नव्हताच. संदिग्ध वाक्य संदिग्धच ठेवावे, हा सल्ला भाषांचा शब्दक्रम वेगळा असला की असा फसतो.

दुसरी नेहमीची जागा कालमर्यादेची. पहिल्या मात्रेच्या 'विदिन थर्टी डेज' कोणतीही लस घेऊ नये, असे मूळ म्हणते. हे ३० दिवस मात्रेच्या आधीचे, नंतरचे की दोन्हीकडचे? मराठीत 'पहिल्या मात्रेच्या ३० दिवसांच्या आत' असे लिहिले तर बहुतेक वाचक ते नंतरचे दिवस समजतील. लेखकाला आधीचे अभिप्रेत असेल, तर नुकतीच लस घेतलेली व्यक्ती ते सांगणारही नाही. 'बायवीकली' या शब्दाचीही हीच गत आहे: आठवड्यातून दोनदा, की दोन आठवड्यांतून एकदा?

तिसरी जागा आकड्यांची. चौथ्या पानावर सहा भेटी आणि प्रत्येक भेटीत १० मिलिलिटर रक्त, तर सातव्या पानावर एकूण ५० मिलिलिटर. पहिल्या भेटीत रक्त घेत नसतील, किंवा दोनपैकी एक आकडा चुकला असेल. येथे ५० चे ६० करून गप्प बसण्याचा मोह होतो, पण तो अनुवादकाचा अधिकार नाही. आणि दिसलेली विसंगती तशीच उतरवून पुढे जाणे हीही टाळाटाळच.

पत्रकात काय नसावे, हेही तितकेच ओळखावे लागते. सहीच्या वरच्या वाक्यात इंग्रजी 'आय' आहे, मराठीत मात्र 'मी संमती देतो' की 'देते' हा प्रश्न उभा राहतो. तो ग्राहकाला विचारण्यासारखा नाही. 'मी संमती देत आहे' असे लिहिले की तो सुटतो. शब्दकोशात, नियमात किंवा त्याच चाचणीच्या आधीच्या कागदात उत्तर सापडणाऱ्या शंकाही अनुवादकाने स्वतःच मिटवायच्या असतात. किरकोळ प्रश्नांच्या गर्दीत मात्रेविषयीचा प्रश्न बुडून जातो, आणि ग्राहक पुढचे पत्रक नीट वाचेनासा होतो.

पत्रक बहुधा तक्त्याच्या रूपात असते. अनुक्रमांक, फाइल व पान, मूळ ओळ जशीच्या तशी, अडचण, संभाव्य अर्थ, अनुवादकाला जवळचा वाटणारा अर्थ आणि उत्तरासाठी रिकामा रकाना. प्रश्न वाचणारा भाषांतर संस्थेतला प्रकल्प व्यवस्थापक असतो आणि तो बहुधा पुढे प्रायोजक कंपनीच्या वैद्यकीय लेखकाकडे पाठवतो. त्या दोघांना मराठी येत असेलच असे नाही. म्हणून मराठीतला कोणता शब्द वापरू, असे न विचारता मूळ वाक्याचे दोन अर्थ इंग्रजीतच उलगडून 'अ' आणि 'ब' म्हणून द्यायचे. वरच्या उदाहरणात प्रश्न असा होतो: केवळ पथ्यावर असलेला, औषध न घेणारा मधुमेही चाचणीत चालेल का? याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर पुरते. उलट 'हे दोन्हींना लागू आहे की एकालाच?' असे विचारले तर 'येस' एवढेच उत्तर येऊ शकते. 'मूळानुसार करा' हे उत्तर अनुवादकांच्या चांगल्याच परिचयाचे; मूळच दोन प्रकारे वाचता येते हे पत्रकातून ग्राहकाच्या लक्षात आले नाही, याची ती खूण.

उत्तराची मुदत लिहिण्याची पद्धत आहे: अमुक वेळेपर्यंत कळले नाही तर 'अ' धरून पुढे जाईन. कंपनीच्या परिचयपर मजकुराला हे ठीक आहे. मात्रा, कालावधी आणि कोणाला घ्यायचे, कोणाला नाही याचे निकष यांना मात्र अशी मूक संमती धरू नये. ती वाक्ये रिकामी ठेवून बाकीचे काम चालू ठेवता येते.

प्रत्येक संदिग्धता दूर करायचीच असते असे नाही. करारातला 'वाजवी कालावधी' मुद्दाम सैल ठेवलेला असतो. संमतीपत्रातले 'डॉक्टर तुम्हाला चाचणीतून वगळू शकतात' हेही तसेच. तेथे अनुवादकाने नेमकेपणा आणला तर तो अर्थ बदलतो. लेखकाने जागा जाणूनबुजून मोकळी सोडली आहे की नकळत राहून गेली आहे, हे मजकुराच्या इतर भागांवरून बहुधा ताडता येते. न आल्यास तोच प्रश्न पत्रकात जातो.

सुरुवातीच्या वाचनात सगळ्या जागा सापडत नाहीत. काही शंका वाक्य प्रत्यक्ष मराठीत बसवताना निघतात, त्यामुळे मोठ्या कामात दुसरे, छोटे पत्रक जातेच. एकच संमतीपत्र हिंदी, गुजराती, तेलुगू अशा अनेक भाषांत जात असेल, तर जाणता व्यवस्थापक सगळ्यांच्या शंका एकत्र करून उत्तरेही सगळ्यांना पाठवतो. मधुमेहाचे वाक्य मराठीच्या अनुवादकाला एका अर्थाचे वाटले आणि तेलुगूच्या अनुवादकाला दुसऱ्या, तर एकाच चाचणीचे निकष दोन राज्यांत वेगळे व्हायचे. आकड्यांसारखी चूक मुळातच निघाली, तर उत्तर रकान्यात न येता सुधारलेले इंग्रजी संमतीपत्र नव्या आवृत्ती क्रमांकासह येते, आणि काम त्यावरून सुरू होते.