मदनपल्लीच्या प्रार्थनागीतापासून शाळेच्या मैदानापर्यंत: एका चालीची पार्श्वभूमी

नवं शाळागीत बसवायचं ठरलं की मागणी ठरलेली असते: चाल उत्साही हवी आणि शंभर मुलांना ती एका सुरात म्हणता आली पाहिजे. या कसोटीला उतरलेली सगळ्यांच्या कानातली चाल राष्ट्रगीताची. तिचा एक महत्त्वाचा टप्पा एका शिक्षणसंस्थेच्या रोजच्या प्रार्थनेत गेला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

गीत 1911 च्या डिसेंबरात काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायलं गेलं, तो भाग पाठ्यपुस्तकात आहे. पुढची काही वर्षं ते मुख्यतः बंगाली वर्तुळात राहिलं. फेब्रुवारी 1919 मध्ये कवी रवींद्रनाथ टागोर आंध्रातील मदनपल्लीला, तिथल्या थिऑसॉफिकल महाविद्यालयात मुक्कामाला होते. संध्याकाळी विद्यार्थी गाण्यांसाठी जमत, तिथे त्यांनी हे गीत म्हणून दाखवलं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंगाली येत नव्हतं. तरीही ‘जय हे’ आलं की मुलं त्यात सूर मिसळू लागली आणि गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावू लागली. प्राचार्यांच्या पत्नी पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या होत्या. त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ओळीओळीचे स्वर लिहून काढले आणि कवींनी ते मान्य केले. महाविद्यालयाने हेच आपलं सकाळचं प्रार्थनागीत केलं.

चाल मदनपल्लीत जन्मली, असं काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं. गाणं त्याआधी सात वर्षं गायलं जात होतं, तेव्हा ते बरोबर नाही. मदनपल्लीत चाल रोजच्या सामूहिक गाण्यासाठी पक्की झाली, एवढं म्हणता येतं. शाळागीताच्या दृष्टीने हेच मोलाचं आहे. एकटा गाणारा दर वेळी एखादी जागा वेगळी घेतो, शंभर जणांना ती मुभा नसते.

चाल मुलांच्या गळ्यात का बसते, हे पेटीवर वाजवलं की लगेच कळतं. सा, रे, ग अशी तीन पायऱ्यांची चढण होते आणि पुढची जवळजवळ सगळी ओळ गंधारावर थांबते. शब्द एकामागून एक येत राहतात, सूर जागचा हलत नाही. त्यामुळे मागच्या रांगेतला, स्वरज्ञान नसलेला मुलगाही तिथे सापडतो. प्रांतांची नावं सुरू होतात तेव्हा सूर पंचमावर जातो. सगळ्यात उंच जागा शेवटी आहे: ‘जय हे’ तीनदा येतं, पहिल्यांदा तार षड्जावर, मग निषादावर, मग धैवतावर. संपूर्ण चाल मंद्र निषाद ते तार षड्ज, म्हणजे सप्तकाहून जेमतेम अर्धा स्वर जास्त. लहान मुलांना न ताणता याहून फार काही मागता येत नाही.

हीच ‘म्हणता येण्याची’ कसोटी पुढे देशपातळीवर वादाचा मुद्दा झाली, आणि त्यात महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागण्यात आलं. हाताशी याच गीताची ध्वनिमुद्रिका होती, ती तिथल्या वाद्यवृंदाने बसवून वाजवली आणि ती आवडली. दिल्लीत प्रांतांच्या राज्यपालांना मत विचारलं गेलं, तेव्हा एक सोडून सर्वांनी संमती दिली. वेगळं मत आलं ते मध्य प्रांतातून, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. 25 ऑगस्ट 1948 रोजी पंतप्रधानांनी सभागृहात भूमिका मांडली. त्यातला मोठा भाग संगीताबद्दल होता: राष्ट्रगीत वाद्यवृंदावर आणि बँडवर वाजलं पाहिजे, आणि ‘वंदे मातरम्’ची प्रचलित चाल त्याला सोयीची नाही.

या शेऱ्याला उत्तर पुण्याच्या एका नामवंत गायक-संगीतकाराने दिलं, तेही वादावादीऐवजी चाल बांधून. त्यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटीच्या अंगाने बसवलं. त्यात एकट्या गायकाच्या आलाप-हरकती ठेवल्या नाहीत. समूहाला म्हणता येईल आणि लष्करी बँडला वाजवता येईल, हेच उद्दिष्ट होतं. मुंबईत बँडवर ती चाल वाजवून पाहण्यात आली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांसमोर तिची प्रात्यक्षिकंही झाली. म्हणजे ‘हे गीत समूहाला म्हणता येत नाही’ हा आक्षेप प्रत्यक्ष गाऊन खोडून काढला होता. तरी 24 जानेवारी 1950 रोजी एक गीत राष्ट्रगीत ठरलं आणि दुसऱ्याला समान मान देण्याची घोषणा झाली. निवडीमागे संगीताखेरीज इतर कारणंही होती, ती सर्वांना ठाऊक आहेत. पण कारण म्हणून चालीचं नाव पुढे करायचं, तर झिंझोटीतल्या त्या चालीला तिचं श्रेय पूर्ण मिळायला हवं होतं. ते मिळालं नाही, असं स्पष्ट वाटतं. आजही शाळांच्या स्नेहसंमेलनात ‘वंदे मातरम्’ बहुधा एकट्याने गायच्या चालीत बसवतात, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मुलं नुसते ओठ हलवत असतात.

1950 नंतर शाळेत आलं ते पहिलं कडवं, 52 सेकंदांचं. या कापणीचा एक परिणाम मैदानावर रोज ऐकू येतो. शेवटचं ‘जय हे’ सा, रे, ग अशा जोडस्वरांवरून चढतं आणि मध्यमावर संपतं, षड्जावर येत नाही. मूळ गीतात पुढचं कडवं लागलीच सुरू होत असल्याने तिथे हा अधांतरीपणा जाणवत नसे. एकच कडवं म्हटलं की मुलांना शेवट आल्याचं चालीवरून समजत नाही. म्हणून काही जण आधी सोडतात, काही लांबवतात. शिक्षकांनी हात वर धरून शेवटचा मध्यम मोजून सोडला, तर ही विस्कळीतता जाते.

बाकी बिघाड होतो तो पट्टीने. ‘राष्ट्रगीत शुरू कर’ असा हुकूम सुटतो आणि समोरचा विद्यार्थी मनाला येईल तो षड्ज धरतो. समजा, त्याने तो पांढरी चारला धरला. सुरुवात सुरेल वाटते, पण पहिल्या ‘जय हे’ला वरच्या सप्तकातली पांढरी चार गाठावी लागते. तिथे लहान मुलं किंचाळतात, आणि आवाज फुटू लागलेले आठवी-नववीचे मुलगे गप्प होतात. उलट शिक्षिकेने आपल्या सोयीची खालची काळी चार दिली, तर पहिलीची मुलं ‘विधाता’च्या मंद्र निषादापर्यंत पोचत नाहीत आणि तिथे नुसती पुटपुट ऐकू येते. मधली पांढरी एक किंवा काळी एक दिली की दोन्ही टोकं आवाक्यात राहतात, आणि फुटलेल्या आवाजाचे मुलगे एक सप्तक खाली गाऊन सामील होऊ शकतात. काळी दोनला वरची जागा ताणायला लागते. गाणं संपताच शेवटचा मध्यम पेटीवर वाजवून पाहावा. मुलांचा सूर त्याखाली उतरलेला असेल, तर तो बहुतेकदा तिन्ही ‘जय हे’च्या उतरणीवर घसरलेला असतो. मग तेवढाच तुकडा वेगळा, हळू आवाजात घोटून घ्यावा लागतो.

आता पुष्कळ शाळांत पेटीची जागा स्पीकरने घेतली आहे. ध्वनिमुद्रणाची पट्टी गायकाच्या किंवा बँडच्या सोयीची असते, आणि आवाज मोठा केला की मुलांचं कमी-जास्त होणं झाकलं जातं. नव्या शाळागीताचंही तेच होतं: स्टुडिओत कसलेल्या गळ्याकडून गाऊन घेतात, तारसप्तकातल्या दोन-तीन जागा त्यात येतात, आणि संमेलनाच्या दिवशी मुलं मागे वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणावर ओठ हलवतात. मदनपल्लीत स्वर लिहिले गेले ते विद्यार्थी गात असताना. शाळागीताचा कच्चा आराखडा स्टुडिओत जाण्याआधी चौथीच्या आणि नववीच्या वर्गात एकेकदा, साथीशिवाय म्हणवून घेतला, तर बदलाव्या लागणाऱ्या जागा त्याच तासात कळतात.