आधार गावचं, राहणं साइटवर: बेसिक खातं की स्मॉल अकाउंट?

जालन्याकडचा एक मुलगा पुण्यात बांधकामावर आहे. राहतो साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत. भाडेकरार नाही, लाइटबिल नाही, आणि आधारवर पत्ता गावचा. बँकेत गेला तर काउंटरवरून उत्तर आलं, "इथला पत्ता नाही ना? मग स्मॉल अकाउंटच निघेल." इथेच गफलत होते.

बेसिक सेव्हिंग खातं आणि स्मॉल अकाउंट, दोन्ही झिरो बॅलन्सचीच. फरक केवायसीचा. बेसिक खात्याला पूर्ण केवायसी लागतं. स्मॉल अकाउंट हे ज्याच्याकडे आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांसारखा कुठलाच अधिकृत कागद नाही, त्याच्यासाठी आहे. या मुलाकडे आधार आहे. म्हणजे त्याला बेसिक खातंच मिळायला हवं.

मग पुण्याच्या पत्त्याचं काय? आधारवरून केवायसी करताना सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर तो स्वतः लिहून दिलेला चालतो. फॉर्म भरताना साध्या कागदावर लिहायचं: "माझ्या आधारवरील पत्ता गावचा असून सध्या मी अमुक ठिकाणी राहतो." खाली सही, तारीख. पत्ता असा द्या की तिथे आलेलं टपाल हातात पडेल, कारण एटीएम कार्ड पोस्टाने येऊ शकतं. सोबत फोटो. पॅन नसेल तर बँक त्यासाठी वेगळा फॉर्म भरून घेते. काउंटरवर नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना भेटून "स्वयंघोषणेवर पत्ता घ्या" असं स्पष्ट सांगा.

एवढा आग्रह का, ते त्याच्या पगारावरून कळेल. स्मॉल अकाउंटमध्ये आर्थिक वर्षात एकूण १ लाख रुपयेच जमा होऊ शकतात, महिन्याला १०,००० पर्यंतच काढता किंवा पाठवता येतात आणि शिल्लक कधीही ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही. त्याचा पगार १४,०००. पहिल्याच महिन्यात ४,००० आत अडकणार. एप्रिलपासून सात पगारांचे ९८,००० झाले की आठवा जमाच होणार नाही. बेसिक खात्याला जमेची अशी मर्यादा नाही.

त्याच साइटवर एक मावशी आहेत. त्यांच्याकडे खरंच एकही कागद नाही. त्यांच्यासाठी मात्र स्मॉल अकाउंटच बरोबर. स्वतःचा फोटो घेऊन शाखेत जायचं आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. तो आपल्यासमोर झाला, असं अधिकारी सहीनिशी प्रमाणित करतो. सरकारी योजनेचे पैसे जमा होताना ५०,००० च्या शिल्लक मर्यादेत धरले जात नाहीत, हा मावशींना मोठाच आधार.

पण हे खातं सुरुवातीला १२ महिन्यांपुरतंच चालतं. तेवढ्यात आधार किंवा मतदार कार्डासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला, तर आणखी १२ महिने मिळतात. म्हणून खातं उघडलं त्याच आठवड्यात आधार नोंदणी करायची आणि तिथे मिळालेली पावती पासबुकातच ठेवायची. आधार हातात आलं की त्याच शाखेत केवायसी पूर्ण करून घ्यायचं.